एका कक्षातील बेचाळीस वर्षे आणि रात्रपाळीतील एक थप्पड

परिचारिकांवरील हिंसा : प्रतिबंध, तक्रार आणि आधार

आमच्या प्रतिनिधीकडून

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव निघाले की चर्चा बहुधा दयामरणाकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल, त्यातून पुढे आलेली निष्क्रिय दयामरणाची संकल्पना आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा झालेला मृत्यू, यांवर पुष्कळ लिहिले गेले. या साऱ्याच्या मुळाशी असलेली घटना मात्र वेगळ्या स्वरूपाची होती. कामावर असलेल्या एका परिचारिकेवर तिच्याच रुग्णालयात, तेथेच काम करणाऱ्या माणसाने हल्ला केला होता. परिचर्या शाखेच्या विद्यार्थिनींना व्यावसायिक प्रश्नांचा अभ्यास करताना हे प्रकरण याच बाजूने वाचावयास हवे. हिंसा टाळता आली असती काय, तिची तक्रार कशी नोंदली गेली आणि पीडितेच्या पाठीशी कोण उभे राहिले, हे तीन प्रश्न त्यात एकत्र आले आहेत. आजही कोणत्याही रुग्णालयात परिचारिकेवर हात उगारला गेला तर विचारावयाचे प्रश्न हेच आहेत.

तळघरातील ती संध्याकाळ

अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या. केईएममध्ये त्या प्रायोगिक शस्त्रक्रियेच्या विभागात काम करीत. तेथे कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग होत असत. त्याच विभागातील एका सफाई कर्मचाऱ्याशी कामावरून त्यांचा खटका उडालेला होता. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम संपवून त्या तळघरात कपडे बदलण्यासाठी गेल्या. तेथे त्या कर्मचाऱ्याने कुत्र्याला बांधण्याची साखळी त्यांच्या गळ्याभोवती आवळली आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास एका सफाई कामगाराला त्या रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध पडलेल्या आढळल्या. गळा आवळल्यामुळे मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला होता. त्या पुन्हा कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत.

हल्ला संध्याकाळी झाला आणि तो उघडकीस आला सकाळी. एक परिचारिका कामाच्या जागेवरून घरी गेली की नाही, हे रात्रभर कोणाच्याही लक्षात आले नाही. पाळी संपताना कर्मचाऱ्यांची हजेरी पाहण्याची पद्धत, कपडे बदलण्यासाठी वर्दळीच्या जागी कुलूप लागणारी खोली आणि एकट्या व्यक्तीला हाक मारता येईल असे साधन यांपैकी काहीही तेथे नव्हते. कामावरून झालेला वाद, त्यातून साचलेला राग आणि एकाकी जागा हे तिन्ही धोके आधीपासून समोर होते. हे धोके एकत्र मांडून पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

कामाच्या जागी होणारी हिंसा अभ्यासणारे हल्लेखोराच्या नात्यावरून तिचे प्रकार पाडतात. पूर्णपणे बाहेरचा माणूस, रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक, सहकारी, आणि घरगुती भांडण कामाच्या जागेपर्यंत घेऊन येणारी ओळखीची व्यक्ती, असे चार प्रकार मानले जातात. वृत्तपत्रांत प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराच्या बातम्या येतात. अरुणा शानबाग यांच्यावरील हल्ला तिसऱ्या प्रकारात मोडतो. हा भेद उपायांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षक संतप्त जमावाला अडवू शकतो, परंतु गळ्यात ओळखपत्र घालून रोज आत येणाऱ्या सहकाऱ्यापुढे त्याचा उपयोग नाही.

जे नोंदलेच गेले नाही

या प्रकरणाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हल्ल्यानंतरचा आहे. पोलिसांत नोंद झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी या गुन्ह्यांची. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख रुग्णालयाने केला नाही. अरुणा यांचा त्याच रुग्णालयातील एका डॉक्टरांशी विवाह ठरला होता. बोभाटा झाल्यास त्यांची व कुटुंबाची बदनामी होईल, असा विचार त्यामागे असल्याचे सांगितले जाते. अनैसर्गिक लैंगिक अत्याचाराचे कलम त्या काळच्या दंडसंहितेतही होते, पण आरोपपत्रात ते आलेच नाही. आरोपीला दोन्ही गुन्ह्यांसाठी प्रत्येकी सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती एकत्रित भोगावयाची होती. शिक्षा संपवून तो बाहेर पडला. अरुणा यांचे अंथरूण सुटले नाही.

ज्यांनी हे झाकले त्यांचा हेतू वाईट होता, असे म्हणता येणार नाही. काळ १९७३ चा होता आणि दोष पीडितेलाच चिकटत असे. तिची ओळख आणि तिच्यावर झालेला गुन्हा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळी ओळखले गेले नाही. ओळख गुप्त ठेवणे हा तिचा अधिकार आहे. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचे नाव उघड करणे आज भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमानुसार दंडनीय आहे. पण ओळख जपण्यासाठी गुन्हाच लपवला तर लाभ आरोपीचा होतो. चर्चेच्या तासाला हा प्रश्न विद्यार्थिनींसमोर जरूर मांडावा : पीडिता स्वतः बोलू शकत नसेल तर तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्या संस्थेने नेमके काय जपावयाचे असते? तिची अब्रू, संस्थेचे नाव की तिचा न्यायाचा हक्क?

मधल्या काळात कायदा बराच पुढे सरकला आहे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे आता बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची असते. चौकशी सुरू असताना तक्रारदार महिलेने लेखी मागणी केल्यास तिची किंवा आरोपीची बदली करण्याची अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. मागणी तिची असावी लागते. तिला न विचारता ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून दुसऱ्या विभागात धाडणे हे संरक्षण ठरत नाही.

आजची एक रात्र

अरुणा यांच्यासारख्या घटना विरळा घडतात. परिचारिकेच्या नित्याच्या अनुभवातील हिंसा निराळी असते. ती समजण्यासाठी एका काल्पनिक, पण रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही ओळखीच्या वाटेल अशा रात्रीचा हिशेब मांडून पाहू.

जिल्ह्याच्या ठिकाणचे एक सर्वसाधारण रुग्णालय. पुरुषांचा वैद्यकीय कक्ष, तीस खाटा आणि चौतीस रुग्ण. रात्रपाळीत एक परिचारिका आणि एक कक्षसेवक. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या कक्षात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी लागते. रात्री अकरा वाजता छातीत दुखत असलेल्या एका गृहस्थांना दाखल केले जाते. सोबत पाच नातेवाईक. डॉक्टर तपासून, औषधे लिहून अपघात विभागात परततात. साडेअकरापासून थोरला मुलगा दर दहा मिनिटांनी येऊन विचारतो, “सिस्टर, डॉक्टर कधी येणार?” त्याला दर वेळी एकच उत्तर मिळते, “येतील.” सव्वाबारापर्यंत नातेवाईक बारा होतात. बारा चाळीसला रुग्णाची प्रकृती एकदम ढासळते. डॉक्टर धावत येतात, पण एक वाजून दहा मिनिटांनी रुग्ण दगावतो. पाचच मिनिटांत मुलाची थप्पड परिचारिकेच्या गालावर बसते, सलाइनचा स्टँड फेकला जातो आणि औषधांच्या ट्रॉलीची काच फुटते.

थप्पड सव्वा वाजता बसली. तिची तयारी मात्र साडेअकरापासून चालली होती.

थप्पड टाळण्याचे पावणेदोन तास

ऑस्ट्रेलियातील आपत्कालीन विभागाच्या परिचारिकांबरोबर काम करून काही संशोधकांनी २००७ मध्ये हिंसेची पाच पूर्वलक्षणे मांडली. रोखून पाहणे, आवाजाचा बदललेला सूर, वाढती अस्वस्थता, स्वतःशी पुटपुटणे आणि येरझारा घालणे ही ती लक्षणे. एखादे लक्षण एकटे दिसले तर त्यावरून फारसा निष्कर्ष निघत नाही. ती एकामागून एक दिसू लागली आणि तीव्र होऊ लागली तर हात उगारला जाण्याची वेळ जवळ आली असे समजावे. आपल्या कक्षातील मुलगा साडेअकराला विचारत होता, बारा वाजता येरझारा घालत होता आणि साडेबाराला त्याचा आवाज चढला होता. तिसऱ्या खेपेसच परिचारिकेने पाळीप्रमुख परिसेविकेला आणि सुरक्षारक्षकाला कळवले असते तर मदत येण्यास अर्धा तास हाती राहिला असता.

पण केवळ रक्षक बोलावणे हा प्रतिबंध नव्हे. मुलाच्या रागाचे इंधन होते माहितीचा अभाव. “येतील” या उत्तरात त्याला काहीच मिळत नव्हते. “डॉक्टर अपघात विभागात आहेत. मी आत्ता फोन केला, ते वीस मिनिटांत येतील म्हणाले. तोवर मी दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब पाहते आहे,” या उत्तरात वेळ आहे, कृती आहे आणि रुग्णाकडे लक्ष असल्याची खात्री आहे. वीस मिनिटे उलटली आणि डॉक्टर आले नाहीत तर परिचारिकेने स्वतःहून जाऊन तसे सांगावे. गंभीर रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांनी सुरुवातीलाच एका जबाबदार नातेवाईकाला बाजूला घेऊन धोक्याची कल्पना द्यावयास हवी आणि तशी नोंद केसपेपरवर करावयास हवी. मृत्यूची वार्ता देण्याचे काम तर परिचारिकेवर ढकलूच नये. डॉक्टरांनी ती वेगळ्या जागी, मोजक्या नातेवाईकांना, सोबत दुसरा कर्मचारी ठेवून द्यावी. तीस खाटांच्या मध्यभागी बारा जणांसमोर ती उच्चारली गेली तर शोकाचे रूपांतर संतापात होण्यास वेळ लागत नाही.

उरलेले उपाय जागेशी निगडित आहेत. परिचारिकेचे टेबल भिंतीला लागून असेल आणि समोर गर्दी जमली तर तिला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. टेबलामागे दार असावे, किंवा निदान ते दाराच्या बाजूला सरकवावे. रुग्णामागे दोनच नातेवाईकांना पास देण्याचा नियम बहुतेक रुग्णालयांत आहे, पण रात्री तो पाळणारा कोणी नसतो. बाराव्या माणसाला प्रवेशद्वारावर अडवणे सोपे, कक्षात आल्यावर बाहेर काढणे अवघड. चिडलेल्या व्यक्तीशी बोलताना हातभर अंतराहून अधिक लांब, किंचित तिरके उभे राहावे. आवाज तिच्याहून खालच्या पट्टीत ठेवावा आणि ‘शांत व्हा’ म्हणण्याऐवजी तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत परत सांगावे. ही कौशल्ये व्याख्यान ऐकून येत नाहीत. ती नाट्यरूप सरावातून अंगवळणी पाडावी लागतात आणि सरावात डॉक्टर व सुरक्षारक्षकही असावे लागतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हात उगारणारी प्रत्येक व्यक्ती गुन्हेगार नसते. दारू सुटल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा भ्रम, रक्तातील साखर किंवा प्राणवायू घसरणे, डोक्याला मार, वृद्धांना तापात येणारा बुद्धिभ्रंश यांमुळे रुग्ण मारतो वा चावतो, तेव्हा ते आजाराचे लक्षण असते. अशा वेळी प्रथम साखर आणि प्राणवायू तपासावा. घटनेची नोंद मात्र तेव्हाही व्हावी. फिर्याद देण्यासाठी तिचा उपयोग नसला, तरी पुढच्या पाळीतील परिचारिका सावध राहते आणि उपचार बदलले जातात.

तक्रार : कागद कोणता, कलम कोणते

सव्वा वाजून गेला आहे. गालावर वळ आहे, काचेने तळहात कापला आहे. परिचारिकेला सर्वप्रथम ऐकू येणारे वाक्य बहुधा असे असते : “जाऊ दे, त्यांचा माणूस गेलाय.” दुसरे असते, “तू काय बोललीस त्यांना?” पहिल्या वाक्यात सहानुभूती आहे, दुसऱ्यात संशय. दोहोंचा परिणाम सारखाच होतो आणि नोंद टळते. त्यातच परिचारिका स्वतःही हे कामाचा भाग मानून मोकळी होते. परिणामी रुग्णालयाच्या दप्तरी ‘घटना शून्य’ राहते आणि रात्रीसाठी दुसरी परिचारिका मागणाऱ्या अधिसेविकेच्या हाती पुरावा राहत नाही.

पहिला कागद रुग्णालयाचा अंतर्गत घटना अहवाल. तो परिचारिकेने त्याच पाळीत, स्वतःच्या शब्दांत लिहावा. वेळ, जागा, कोणी काय केले, कोणते शब्द उच्चारले आणि कोण हजर होते एवढेच त्यात असावे. ‘नातेवाईकांनी गैरवर्तन केले’ असे गुळमुळीत वाक्य चौकशीत टिकत नाही. ‘रात्री १.१५ वाजता उजव्या हाताने डाव्या गालावर थप्पड मारली’ हे टिकते. दुसरा कागद वैद्यकीय तपासणीचा. आपल्याच रुग्णालयात आहोत म्हणून जखमेला स्वतःच पट्टी बांधून गप्प बसू नये. अपघात विभागात वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून रीतसर नोंद करून घ्यावी आणि जखमेचे माप लिहिलेले आहे ना, ते पाहावे. तिसरी गोष्ट सीसीटीव्हीची. बहुतेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून त्या रात्रीचेच चित्रण जतन करण्याचे लेखी पत्र प्रशासनाला लगेच द्यावे.

नंतर पोलीस ठाणे. येथे एक बारकावा ठाऊक नसल्यामुळे अनेक प्रकरणे तेथेच संपतात. थप्पड किंवा किरकोळ दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या ११५ व्या कलमानुसार अदखलपात्र गुन्हा आहे. तेवढेच सांगितले तर ठाणे अंमलदार ‘एनसी’ नोंदवून घेतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. महाराष्ट्रात मात्र २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसेला प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. परिचारिका आणि परिचर्येच्या विद्यार्थिनी या दोघींचाही त्यात समावेश आहे. या कायद्याखालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. उपकरणांची मोडतोड झाल्यास त्यांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई दोषी व्यक्तीकडून घेता येते. दुखापतीप्रमाणेच धमकावणे आणि कर्तव्यात अडथळा आणणे यांचाही हिंसेच्या व्याख्येत अंतर्भाव आहे. फिर्यादीत या अधिनियमाचा उल्लेख आहे की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते. परिचारिका शासकीय सेवेत असेल तर लोकसेवकावरील हल्ल्याची कलमे, म्हणजे न्याय संहितेचे १२१ आणि १३२, हीदेखील लागू होऊ शकतात.

फिर्याद कोणी द्यावयाची, हाही वादाचा मुद्दा. ती एकट्या परिचारिकेवर सोडली की आरोपीचे नातेवाईक तिच्या घरी जातात, स्थानिक पुढारी मध्यस्थी करतात आणि प्रकरण मिटते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरची हत्या झाल्यानंतर केंद्रीय आरोग्य विभागाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या रुग्णालयांना सूचना दिल्या. कामावरील कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची राहील, असे त्यांत म्हटले होते. चारच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले आणि तसे करताना अरुणा शानबाग प्रकरणाचेही स्मरण केले. संस्थेने फिर्यादी व्हावे हे तत्त्व खासगी आणि महापालिका रुग्णालयांनाही स्वीकारता येण्याजोगे आहे. १९७३ मध्ये संस्थेच्या मौनाने जे घडले, त्याचे उत्तर या तत्त्वात आहे.

पोलिसांनी नोंद घेण्यास टाळाटाळ केली तर फिर्यादीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ही तरतूद आहे. हद्दीचा वाद न घालता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची मुभाही याच कलमाने दिली आहे. प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये.

कायद्याच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. तो हल्ला झाल्यानंतर लागू होतो. त्या रात्री चौतीस रुग्णांमागे एकच परिचारिका का होती, हे कोणतेही कलम विचारत नाही. म्हणूनच अंतर्गत अहवाल पोलिसी फिर्यादीइतकाच महत्त्वाचा. दर महिन्याला हे अहवाल मांडून कोणत्या कक्षात, कोणत्या वेळी, कशावरून वाद होतात हे पाहणारी समिती असेल तर धोक्याची जागा ओळखता येते. अशी पद्धत सुरू झाली की पहिले काही महिने नोंदींची संख्या वाढते. त्यावरून हिंसा वाढली असे समजून घाबरण्याचे कारण नाही. पूर्वी न लिहिलेले आता लिहिले जात आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

आधार : पहिला तास ते पहिला महिना

थप्पड बसलेल्या परिचारिकेकडे अद्याप तेहतीस रुग्ण आहेत. तिला त्याच टेबलावर सकाळपर्यंत बसवून ठेवले जाते, ही आधारातील पहिली आणि सर्वांत सामान्य चूक. पाळीप्रमुखाने तिला तत्काळ कामातून मोकळे करून दुसरी व्यक्ती तेथे आणावी आणि एकटीला घरी पाठवू नये. जखमेत दुसऱ्याचे रक्त गेले असेल किंवा कोणी चावले असेल तर जखम धुऊन एचआयव्ही प्रतिबंधक औषधांचा निर्णय शक्य तितक्या लवकर घ्यावा लागतो. ही औषधे बहात्तर तासांनंतर निरुपयोगी ठरतात. हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का, तेही तपासावे.

मनाच्या जखमेबाबत एक गैरसमज रूढ आहे. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून जे घडले ते सविस्तर बोलून दाखवावयास लावणे उपकारक असते, असे समजले जाते. अशा एका बैठकीच्या सक्तीच्या उजळणीने पुढील त्रास टळतो, असे संशोधनात आढळलेले नाही. काहींना तर त्याने अपायच होतो. त्यापेक्षा सुरक्षित जागा, पाणी, घरच्यांशी संपर्क, पुढे काय होणार याची स्पष्ट माहिती आणि बोलावेसे वाटल्यास ऐकणारे माणूस, एवढे पुरेसे असते. पहिले काही दिवस झोप न लागणे, दचकणे, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे येणे हे स्वाभाविक मानावे. महिना उलटूनही ते ओसरले नाही, किंवा ती त्या कक्षाकडे फिरकण्याचेच टाळू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. हे ओळखण्याचे काम तिच्यावर सोडू नये. एका आठवड्याने आणि एका महिन्याने अधिसेविकेने स्वतःहून चौकशी करावी आणि ती वहीत नोंदलेली असावी.

आधाराचा व्यवहारी भागही तितकाच महत्त्वाचा. जबाबासाठी ठाण्यात व पुढे न्यायालयात जाण्याचे दिवस तिच्या किरकोळ रजेतून कापले गेले तर पुढच्या वेळी कोणी फिर्याद देणार नाही. साक्षीच्या तारखांना तिच्यासोबत संस्थेचा वकील किंवा निदान एक अधिकारी असावा. खटले लांबतात. ठेकेदारामार्फत नेमलेल्या परिचारिकेचा करार त्याआधीच संपतो आणि तिच्यासोबत साक्षही संपते. कंत्राटी परिचारिका आणि विद्यार्थिनी यांच्याबाबत ही अडचण सर्वाधिक जाणवते. त्यांच्यासाठीची तरतूद संस्थेने आधीच लिहून ठेवावयास हवी.

चार क्रमांकाचा कक्ष

१९७३ च्या हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला आणि कामाच्या जागी सुरक्षितता मागितली. पुढे ऐंशीच्या दशकात अरुणा यांना रुग्णालयातून हलवून खाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले. तेव्हाही परिचारिका आडव्या आल्या. निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सेवेची वाखाणणी केली. बेचाळीस वर्षे अंथरुणावर असलेल्या रुग्णाची त्यांनी जी शुश्रूषा केली, ती करणाऱ्या अनेकींनी अरुणा यांना कधी कामावर पाहिलेलेही नव्हते. एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने ते काम हाती घेतले.

हे सारे खरे असले तरी त्याचा गौरव करून थांबणे सोयीचे ठरेल. सहकाऱ्यांनी आधार दिला. प्रतिबंध आणि तक्रार ही कामे संस्थेची होती आणि ती दोन्ही अपुरी राहिली. परिचारिकांची माया संस्थेच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्या काल्पनिक रात्रीतही तेच होण्याची शक्यता अधिक : सहकारी चहा देईल, पाठीवरून हात फिरवील आणि सकाळी हजेरीपुस्तकावर सही करून दोघीही घरी जातील. घटना अहवालाचा कागद कोराच राहील.

तो कागद कोठे ठेवलेला आहे, हे आपल्या कक्षात किती जणींना ठाऊक आहे, एवढे विचारून चर्चेला प्रारंभ करता येईल.